फोटो न पोहोचलेला डाळिंबाचा प्रश्न: कोणते उत्तर आज द्यावे, कोणते थांबवावे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डाळिंब बागायतदारांच्या शंकांना मोबाइलवरून उत्तरे देणारे कृषी विज्ञान केंद्रांतील तज्ज्ञ, कृषी सहायक, निविष्ठा विक्रेते आणि गावोगावचे जाणकार बागायतदार यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. "सोबतच्या फोटोत पाहा" असे लिहून आलेल्या संदेशात चार-पाच शंका एकत्र असतात आणि फोटो मात्र आलेलाच नसतो. अशा वेळी काय करावे, हे एकाच उदाहरणाच्या आधारे येथे सविस्तर मांडले आहे.

## ज्या उदाहरणावर पुढील चर्चा आहे, तो संदेश कोणता?

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पुढील संदेश आला असे समजू.

"नमस्कार साहेब. माझी भगव्याची बाग आहे. आंबे बहाराची फळे झाडावर आहेत, पंधरा दिवसांत तोडा सुरू होईल. फोटोत दाखवल्याप्रमाणे फळांवर आणि काही पानांवर डाग आले आहेत. हा तेल्या आहे का? असेल तर कोणते औषध मारू आणि किती घेऊ? माझ्याकडे दोनशे लिटरची टाकी आहे, तिला बोर्डो कसे करायचे? छाटणीची टोळी शेजारच्या तेल्या असलेल्या बागेतून थेट माझ्याकडे येणार आहे, त्यांच्या कात्र्या चालतील का? तोडा झाल्यावर लगेच हस्त बहार धरला तर चालेल का?"

संदेशासोबत फोटो नाही. शंका मात्र पाच आहेत, आणि त्यांपैकी फोटोवाचून खरोखर अडणाऱ्या दोनच आहेत.

## फोटो नसताना आधी "फोटो पाठवा" एवढेच कळवणे योग्य नाही का?

फोटो मागायलाच हवा, पण तेवढेच कळवून थांबणे योग्य नाही. शेतकऱ्याच्या गावात संध्याकाळी नेटवर्क येत असेल, तर दुसरा निरोप त्याला दुसऱ्या दिवशी मिळतो. दरम्यान छाटणीची टोळी बागेत उतरलेली असू शकते. वरच्या संदेशात सर्वांत तातडीची शंका कात्र्यांची आहे आणि तिच्या उत्तराला फोटोची मुळीच गरज नाही. ते उत्तर फोटोच्या मागे अडवून ठेवले, तर शेजारच्या बागेतील रोग या बागेत येण्याची वाट आपणच मोकळी ठेवली असे होईल.

दुसरे असे की, उत्तर मिळाले नाही म्हणून शेतकरी गप्प बसत नाही. तो दुकानात जातो, तोंडी वर्णन करतो आणि बुरशीनाशक, कीटकनाशक व टॉनिक एकत्र घेऊन येतो. तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे, त्यामुळे नेहमीच्या बुरशीनाशकांचा त्यावर उपयोग होत नाही. डाग उन्हाच्या चट्ट्याचे असतील, तर कोणत्याच फवारणीची गरज नसते. म्हणजे पैसा दोन्हीकडून वाया जातो, आणि काढणी पंधरा दिवसांवर असताना फळात औषधाचा अंश राहण्याचा धोका वाढतो.

## कोणता भाग फोटोवर अवलंबून आहे, हे नक्की कसे ठरवावे?

शेतकऱ्याने प्रश्न ज्या वाक्यात विचारला त्यात "फोटो" हा शब्द आहे की नाही, यावरून ठरवू नये. त्याऐवजी येऊ शकणारे तीन वेगवेगळे फोटो मनाशी उभे करावेत. पहिल्यात तेल्या आहे, म्हणजे तेलकट, काळपट डाग आणि त्यांवर तडे. दुसऱ्यात सरकोस्पोरा बुरशीचे लहान, कोरडे, काळसर ठिपके आहेत. तिसऱ्यात फळाच्या फक्त उन्हाकडील बाजूला तपकिरी चट्टा आहे. आता प्रत्येक शंकेचे उत्तर तिन्ही फोटोंसाठी मनातल्या मनात देऊन पाहावे. तिन्ही वेळा उत्तर तेच येत असेल, तर ते आजच द्यावे. एका फोटोसाठीही ते बदलत असेल, तर तो भाग थांबवावा.

ही कसोटी उदाहरणाला लावून पाहू. "हा तेल्या आहे का?" याचे उत्तर तिन्ही फोटोंत वेगळे येते, म्हणून ते थांबते. "कोणते औषध?" हे पहिल्या उत्तरावर टेकलेले असल्याने तेही थांबते. बोर्डो मिश्रण तयार करण्याची कृती कोणत्याही फोटोने बदलत नाही. शेजारच्या रोगट बागेतून आलेली कात्री निर्जंतुक केल्याशिवाय वापरू नये, हे आपल्या बागेतील डाग कसलेही असले तरी खरे राहते. हस्त बहाराच्या शंकेचे उत्तरही बदलत नाही, मात्र ते का बदलत नाही हे समजण्यासाठी संदेश नीट वाचावा लागतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

## फोटोवर अवलंबून नसलेली, तरीही माहितीअभावी अडणारी शंका असू शकते का?

असू शकते, आणि इथेच उत्तर देणाऱ्यांची सर्वाधिक गल्लत होते. काही गोष्टी फोटोतून कळणारच नसतात. त्या शेतकऱ्याच्या एका शब्दाने कळतात. बागेचे वय, मागील फवारणी कधी व कशाची झाली, गेल्या आठवड्यात पाऊस किती झाला, माल निर्यातीसाठी द्यायचा आहे की स्थानिक बाजारात, यांपैकी काहीही कितीही स्पष्ट फोटोत दिसत नाही. त्यामुळे "फोटो आल्यावर सांगतो" असे लिहून या गोष्टी विचारायच्या राहून गेल्या, तर फोटो आल्यावरही उत्तर पुरे होत नाही आणि शेतकऱ्याला दुसऱ्यांदा थांबावे लागते. फोटो मागतानाच हे प्रश्नही विचारून घ्यावेत. ते दोन-तीनच असावेत, कारण लांबलचक यादीला अर्धवट उत्तर येते.

किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर बोलणाऱ्या सल्लागाराला फोनवर फोटो दिसत नाही. विचारणाऱ्याच्या शब्दांवरच त्याला काम करावे लागते. त्यांच्यासारखा नेमका प्रश्न विचारण्याची सवय फोटोच्या काळातही मोडू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

## बोर्डो मिश्रणाचे उत्तर फोटोशिवाय पूर्णपणे देता येते का?

कृती पूर्णपणे देता येते. "आज फवारावे का" हा निर्णय मात्र देता येत नाही, आणि या दोहोंतील सीमा उत्तरात ठळकपणे लिहावी लागते.

एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना. २०० लिटरच्या टाकीला दोन्ही २ किलो लागतात. अर्धा टक्का हवे असेल, तर त्याच टाकीला दोन्ही १ किलो पुरतात. मोरचूद प्लास्टिकच्या पिंपात १०० लिटर पाण्यात विरघळवावा. खडे लवकर विरघळत नाहीत, म्हणून आदल्या रात्री ते फडक्यात बांधून पाण्यात लोंबकळत ठेवणे सोयीचे असते. चुना आधी थोड्या पाण्यात विझवून, थंड झाल्यावर, दुसऱ्या पिंपात १०० लिटरपर्यंत पाणी घालून त्याची निवळी करावी. नंतर दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या टाकीत ओतत काठीने सतत ढवळावीत आणि मिश्रण फडक्यातून गाळून घ्यावे, नाहीतर चुन्याच्या कणांनी नोझल बंद पडतात. लोखंडी किंवा पत्र्याची भांडी वापरू नयेत. पुडीतला विझलेला चुना वापरायचा असेल, तर तो कळीच्या चुन्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त घ्यावा लागतो.

मिश्रण बरोबर झाले की नाही, हे ओळखण्यासाठी घासून चकचकीत केलेला लोखंडी चाकू किंवा विळ्याचे पाते मिनिटभर मिश्रणात बुडवावे. पात्यावर तांबूस थर चढला, तर मिश्रणात मोकळे तांबे आहे आणि ते आम्ल आहे असे समजावे. थोडी थोडी चुन्याची निवळी घालून थर चढणे थांबेपर्यंत पुन्हा तपासावे. असे आम्ल मिश्रण तसेच फवारले, तर पाने व कोवळी फूट करपते. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. ते अल्कधर्मी असल्याने त्यात दुसरी औषधे मिसळू नयेत.

हा सर्व मजकूर फोटोशिवाय लिहिता येतो. मात्र तो वाचून शेतकरी उद्या सकाळीच टाकी भरणार, हे गृहीत धरावे. संदेशात तोडा पंधरा दिवसांवर असल्याचे लिहिले आहे, आणि बोर्डोचे निळसर-पांढरे डाग फळावर राहून मालाची प्रत घसरते. म्हणून कृतीच्या खालीच लिहावे की, ही कृती तोड्यानंतर छाटणी झाल्यावर करायच्या एक टक्का फवारणीसाठी आहे आणि सध्या फळांवर काही फवारायचे की नाही, ते डाग पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

## हस्त बहाराचे उत्तर फोटोशिवाय कसे देता येते? बागेत तेल्या असेल तर बहाराची निवड बदलत नाही का?

सर्वसाधारणपणे बदलते. मृग बहारात फळे पावसाळ्याच्या दमट हवेत वाढतात, त्यामुळे तेल्याचा धोका सर्वाधिक असतो. तेल्याने त्रस्त बागांना हस्त बहाराचा सल्ला दिला जातो, तो याचसाठी. म्हणजे ही शंका वरवर पाहता फोटोच्या रांगेत बसते.

पण संदेश पुन्हा वाचावा. आंबे बहाराची फळे झाडावर आहेत आणि तोडा पंधरा दिवसांनी सुरू होणार आहे. तोडा संपेपर्यंत सप्टेंबर उजाडेल. फळे उतरल्यावर झाडाला तीन ते चार महिने विश्रांती द्यावी, शेणखत व अन्नद्रव्ये द्यावीत आणि नंतर पाण्याचा ताण देऊन बहार धरावा, अशी शिफारस असते. हस्त बहाराची फुले सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यायला हवीत. विश्रांतीला वेळच उरत नाही. त्यामुळे डाग तेल्याचे असोत वा नसोत, या झाडांवर यंदाचा हस्त बहार धरू नये, हे उत्तर तिन्ही फोटोंसाठी एकच राहते आणि ते आजच द्यावे. थकलेल्या झाडावर लगेच बहार धरल्याने फुले कमी येतात आणि झाड रोगाला लवकर बळी पडते, हे कारणही सोबत लिहावे.

थांबवायचा भाग पुढचा आहे. विश्रांतीनंतर जानेवारीत आंबे बहार धरावा की पुढच्या वर्षीच्या हस्तापर्यंत थांबावे, हे तेल्याची खात्री झाल्यावरच ठरेल. ते तसेच लिहावे. घाई नाही, कारण तो निर्णय काही महिने दूर आहे.

## शेतकऱ्याच्या वर्णनावरून तेल्याचा अंदाज सांगावा का?

अंदाज स्वतःशी बांधावा, शेतकऱ्याला निदान म्हणून सांगू नये. वर्णनाने शक्यता कमी-जास्त होतात, एवढाच त्याचा उपयोग आहे. पुढील गोष्टी शब्दांत विचारता येतात: डाग फळाच्या एकाच बाजूला आहेत की सगळीकडून? डागावर तडा आहे का आणि तो इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखा फाटलेला आहे का? पान प्रकाशासमोर धरल्यावर डागाभोवती पाणीदार, तेलकट कड दिसते का? फांदीच्या पेऱ्यावर काळा, खोलगट चट्टा आहे का आणि ती फांदी तिथे सहज मोडते का?

या चारही प्रश्नांना "होय, सगळीकडून" अशी उत्तरे आली, तर तेल्याची शंका बळावते. डाग फक्त पश्चिमेच्या उन्हाकडील बाजूला असतील आणि पानांवर काहीच नसेल, तर उन्हाचा चट्टा अधिक संभवतो. साल खरवडल्यासारखी खरबरीत असेल, तर फुलकिड्यांकडेही पाहावे लागते. मात्र शेतकरी मनातून घाबरलेला असताना "तेलकट आहे का" असे विचारले, की बहुतेक वेळा "होय" हेच उत्तर मिळते. म्हणून प्रश्न असा विचारावा की, त्याला हवे ते उत्तर त्यातच दडलेले नसेल. "डाग हाताला कसा लागतो, ओलसर, कोरडा की खरबरीत?" असे विचारले, तर मिळालेल्या माहितीवर अधिक विश्वास ठेवता येतो.

## "तेल्या असेल तर हे करा, सरकोस्पोरा असेल तर ते करा" अशा शर्ती घालून उत्तर दिले तर?

एखादी शर्त चालते. तीन-चार शर्ती लिहिल्या, तर शेतकरी त्यांतील सर्वांत भीतीदायक शर्त निवडतो किंवा सगळी औषधे एकत्र फवारतो. शिवाय असे उत्तर वाचताना कोणता भाग नक्की आहे आणि कोणता शक्यतेचा, हे कळेनासे होते. माझे मत असे की, औषधाचे नाव आणि मात्रा शर्तीच्या उत्तरात कधीही लिहू नये, कारण लोक नाव व मात्रा लक्षात ठेवतात आणि शर्त विसरतात. मागील फवारणी व काढणी यांतील अंतर पाळायचे असते, आणि तेही औषधावर ठरते. म्हणून औषध ठरल्याशिवाय "इतक्या दिवसांनी तोडा करा" असेही लिहू नये.

## थांबवलेला भाग उत्तरात कसा लिहावा?

तो सगळ्यांच्या शेवटी एका ओळीत दडवू नये, तसेच "बाकी नंतर पाहू" असेही लिहू नये. शेतकऱ्याने विचारलेल्या शंकेलाच धरून तीन गोष्टी लिहाव्यात: काय थांबले आहे, कशासाठी थांबले आहे आणि तोपर्यंत काय करू नये. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. थांबलेली शंका न लिहिता सोडली, तर शेतकरी असे समजतो की बोर्डोचे उत्तर हेच डागांचे उत्तर आहे.

उदाहरणातील संदेशाला पुढीलप्रमाणे उत्तर देता येईल.

"नमस्कार. तुमचा संदेश मिळाला, पण फोटो पोहोचला नाही. तुमच्या पाच शंकांपैकी तीन शंकांची उत्तरे आज देत आहे, दोन शंका फोटोसाठी थांबवत आहे.

कात्र्या: शेजारच्या बागेतून आलेल्या कात्र्या तशाच वापरू देऊ नका. सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून, पुसून मगच काम सुरू करू द्या आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पुन्हा बुडवायला सांगा. शक्य असल्यास स्वतःच्या कात्र्या द्या. पाने ओली असताना छाटणी किंवा तोडा करू नका.

बोर्डो: २०० लिटरला एक टक्क्यासाठी मोरचूद २ किलो व कळीचा चुना २ किलो लागतो. कृती खाली लिहिली आहे. ही फवारणी तोडा व छाटणी झाल्यानंतरची आहे. आज फळांवर ती करू नका.

हस्त बहार: या झाडांवर यंदा धरू नका. तोड्यानंतर तीन ते चार महिने विश्रांती आवश्यक आहे.

थांबलेली शंका १, डाग कशाचे आहेत: फोटो पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

थांबलेली शंका २, कोणते औषध व किती: पहिल्या शंकेचे उत्तर मिळाल्यावरच सांगता येईल. तोपर्यंत डागांसाठी कोणतेही औषध फवारू नका. गळालेली रोगट पाने व फळे गोळा करून बागेबाहेर नष्ट करा. डाग दिसलेल्या चार-पाच झाडांना फडके बांधून खूण करा.

फोटोसोबत एवढे कळवा: मागची फवारणी कधी व कशाची केली? गेल्या आठ दिवसांत पाऊस झाला का?"

यातील प्रत्येक "करू नका" हा तिन्ही फोटोंच्या कसोटीवर टिकणारा आहे. गळालेली पाने उचलणे आणि झाडांना खूण करणे यांनी कोणत्याही शक्यतेत नुकसान होत नाही. उलट झाडावरील सगळी डागी फळे तोडून टाका, असे मात्र आज लिहू नये. डाग उन्हाचे निघाले, तर विकता येण्याजोगा माल कायमचा गेलेला असतो.

## एकाच शंकेच्या आत फोटोवर अवलंबून असलेला व नसलेला भाग मिसळलेला असेल तर?

"फळे तडकली आहेत, फोटो पाहा, पाणी कमी करू का?" ही अशीच शंका आहे. पाण्याच्या अनियमिततेमुळे, म्हणजे जमीन बराच काळ कोरडी राहून एकदम भरपूर पाणी मिळाल्यास, फळे तडकतात. त्यामुळे ठिबकचे पाणी रोज सारख्या प्रमाणात द्यावे आणि एकाएकी बंद करू नये, हे आज सांगता येते. तडा डागातून सुरू झाला आहे की निरोगी सालीवर सरळ पडला आहे, हे मात्र फोटोतूनच ठरते. अशा वेळी शंका मधोमध कापून तिचे दोन वेगळे परिच्छेद करावेत. दोन्ही भाग एकाच वाक्यात गुंफले, तर थांबलेला अर्धा भाग वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतो.

## कोणता फोटो मागावा?

"स्पष्ट फोटो पाठवा" असे सांगून स्पष्ट फोटो येत नाही. डाग असलेले एक फळ जवळून, शेजारी एक रुपयाचे नाणे धरून. तेच फळ विरुद्ध बाजूने, म्हणजे डाग एकाच बाजूला आहेत का ते कळते. डाग असलेले पान आकाशाकडे धरून, प्रकाश मागून येईल असे. आणि एक पूर्ण झाड. एवढे चार फोटो सकाळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढायला सांगावेत. फ्लॅशमुळे कोरडा ठिपकाही चमकतो आणि तेलकट भासतो. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जाऊन पुसट होतो, म्हणून मूळ फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितल्यास बारकावे टिकतात.

## फोटो येईपर्यंत पाऊस लागला, तर थांबणे महागात पडणार नाही का?

पावसाळी, ढगाळ, उबदार हवेत तेल्या झपाट्याने पसरतो. पावसाच्या थेंबांचे शिंतोडे आणि वारा यांच्याबरोबर जिवाणू एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. म्हणून ही चिंता रास्त आहे. पण त्यासाठी निदान गृहीत धरण्याची गरज नाही. फोटोला मुदत घालावी: "उद्या संध्याकाळपर्यंत फोटो पाठवता आला नाही, तर डाग असलेली दोन फळे व चार-पाच पाने बंद पिशवीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या." पिशवी वाटेत दुसऱ्या बागेत उघडू नये, हेही लिहावे. सोलापूरजवळ केगाव येथे २००५ पासून डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. पंचक्रोशीतील बागायतदारांना तोही मार्ग खुला आहे. प्रत्यक्ष नमुना हा कोणत्याही फोटोपेक्षा चांगला, कारण सूक्ष्मदर्शकाखाली डागाच्या कडेतून बाहेर पडणारे जिवाणू पाहता येतात आणि फोटोत ते कधीच दिसत नाहीत.

## फोटो आला, पण पुसट आहे. आता उत्तर द्यावे का?

पुसट फोटो हा न आलेल्या फोटोसारखाच समजावा, फक्त त्यातून जे नक्की दिसते ते कळवावे. "डाग फळाच्या सर्व बाजूंनी आहेत, एवढे दिसते. तडा आहे की सावली, ते कळत नाही" असे लिहिले, की शेतकऱ्याला पुढचा फोटो कशाचा काढायचा हे समजते. फोटो मिळाला म्हणून उत्तर द्यायलाच हवे, असा दबाव वाटतो आणि त्या दबावाखाली "तेल्याच दिसतो" असे लिहिले जाते. फोटो न पाहता केलेल्या अंदाजापेक्षा हे अधिक घातक आहे, कारण आता शेतकऱ्याला वाटते की तज्ज्ञाने पाहून सांगितले.

## चांगला फोटो आल्यावर उत्तर कसे पुरे करावे?

थांबलेल्या शंका ज्या क्रमांकाने लिहिल्या होत्या, त्याच क्रमांकाने उत्तर द्यावे आणि आधी दिलेल्या प्रत्येक उत्तराचे काय झाले तेही लिहावे. उदाहरणात तेल्या निश्चित झाला असे समजू. तर "कात्र्या आणि हस्त बहार यांविषयी आधी लिहिलेले तसेच लागू आहे. बोर्डोची कृती तीच, मात्र आता छाटणी करताना पेऱ्यावरील चट्ट्याच्या खाली दोन इंच निरोगी भागात काप घ्या आणि रोगट फांद्या जाळा" असा पहिला परिच्छेद असावा. त्यानंतर औषध, मात्रा आणि काढणीपूर्वीचे अंतर लिहावे, आणि हे अंतर डब्यावरील लेबलवरून वाचूनच लिहावे. तोडा पंधरा दिवसांवर असल्याने लेबलवरील अंतरात न बसणारे औषध डोळ्यांसमोरूनच काढून टाकावे. माल निर्यातीचा असेल, तर खरेदीदाराच्या अवशेष-मर्यादा आधी विचारून घ्याव्यात.

डाग उन्हाचे निघाले, तर औषधाची शंका "फवारणी नको" या दोन शब्दांत पुरी होते. फळांवर कागदी पिशव्या किंवा सावलीचे कापड लावणे पुढील बहारासाठी सुचवावे. कात्र्यांविषयीची सूचना तेव्हाही मागे घेऊ नये, कारण शेजारच्या बागेत तेल्या आहेच.